ब्लँडचा नियम लावूनही सिम्प्लेक्स गोल गोल फिरतंय, मदत हवी आहे

पार्लेकर_टीवाय: ओआरच्या सबमिशनसाठी बीलचं उदाहरण हाताने सोडवतोय.

```
min z = -3/4 x4 + 20 x5 - 1/2 x6 + 6 x7
x1 + 1/4 x4 -  8 x5 -     x6 + 9 x7 = 0
x2 + 1/2 x4 - 12 x5 - 1/2 x6 + 3 x7 = 0
x3 + x6 = 1,  xj >= 0
```

सुरुवातीचा बेसिस x1, x2, x3. रेशो टेस्टमध्ये टाय झाली की सगळ्यात लहान इंडेक्सवाला बाहेर काढतोय, म्हणजे ब्लँडच ना? तरी ६ पिवटनंतर पुन्हा तोच x1, x2, x3 वाला टेबलो हातात आणि z अख्खा वेळ 0 वरच बसलाय. प्लीज सांगा कोणीतरी, उद्या सबमिट करायचंय.

गणपतराव: उजवीकडे शून्यं आहेत म्हणून होतंय, डीजनरसी. त्या शून्यांच्या जागी अगदी बारीक वेगवेगळे आकडे टाक, टायच होणार नाही.

ठाणे_फास्ट: गणपतराव, तो उपाय बरोबर आहे पण त्याने विचारलंय ब्लँडबद्दल. पार्लेकर, आत कोण घेतोयस ते लिहिलंच नाहीस. सगळ्यात मोठ्या सहगुणकाचा घेत असणार, कारण तसं केलं तरच x4, x5, x6, x7, x1, x2 या क्रमाने आत येतात आणि चक्र पूर्ण होतं. म्हणजे तू अर्धाच नियम पाळतोयस. ब्लँडने १९७७ मध्ये दिलेल्या नियमात आत येणाराही लहान इंडेक्सचाच, फायदा किती आहे ते बघायचंच नाही.

पहिले तीन पिवट दोन्हीकडे सेमच येतात. मग बेसिस x6, x5, x3 असतो आणि z च्या ओळीत x1 समोर 2, x7 समोर 3. तू 3 बघून x7 घेतलास, ब्लँड x1 घेतो आणि x5 बाहेर जातो. पुढे x2 आत, आणि इथे पहिल्यांदा रेशो शून्य नाही, 1/2 येतो, x3 बाहेर, z थेट -1/2. मग x4 आत, x2 बाहेर, संपलं: z = -5/4, x1 = 3/4, x4 = 1, x6 = 1. गंमत म्हणजे हेही ६ च पिवट.

भांडुपची_मीनल: आमच्याकडे गोदामं ते दुकानं असा ट्रान्सपोर्टेशनचा प्रॉब्लेम आहे, तोही कॉस्ट न हलता बराच वेळ अडकतो, मग सुटतो. हेच का?

ठाणे_फास्ट: सुटतो ना, मग सायकलिंग नाही, नुसतं रेंगाळणं. ब्लँड ते थांबवत नाही, तो फक्त जुना बेसिस परत येऊ देत नाही, आणि बेसिस मोजकेच म्हणून कधीतरी संपतंच. उलट एरवी ब्लँडला बहुधा जास्तच पिवट लागतात. म्हणून मी z हलेपर्यंतच ब्लँड लावतो, हलला की परत मोठा सहगुणक.

पार्लेकर_टीवाय: ओके आलं -5/4, थँक्यू! पण पायथनमध्ये लिहिलं तर 1e-17 ला शून्य धरायचं की नाही, टाय कशी ओळखणार?

गणपतराव: `Fraction` वापर.

भांडुपची_मीनल: आमच्या साइजला ते फारच स्लो होतं हो.