अनुभव धागा: उन्हातल्या कामानंतर ठणकणारं डोकं, पायात गोळे आणि घामाच्या धारा

रानवाट

मार्च संपत आला तरी आमच्या वसमत भागात हळद शिजवायचं काम चालूच असतं. डोक्यावर ऊन, समोर कुकरची वाफ, आणि शिजलेली हळद पसरायची तीही उघड्यावर. दरवर्षी कुणाला तरी ऊन लागतं. मग भोवती गोळा झालेल्यांत कुणी कांदा फोडून हुंगवतं, कुणी डोकेदुखीची गोळी पुढे करतं, कुणी म्हणतं झोपू द्या, उठेल आपोआप. त्यासाठी हा धागा. काम कोणतं होतं, आधी काय दुखायला लागलं, पहिल्या अर्ध्या तासात काय केलं आणि कशानं फरक पडला, ते लिहा.

सुरुवात आमच्याकडच्या प्रसंगाने करते. कुकरवर काम करणारा तिशीतला दादा, अंगापिंडाने मजबूत. सकाळी चहा घेऊन आला होता, भाकरी दुपारी खाऊ म्हणाला. पाणी मात्र जारमधून सतत पीत होता. अकराच्या सुमारास डोकं दुखतंय म्हणाला, ते कुणी मनावर घेतलं नाही. साडेबाराला पोटरीत गोळा आला. चोळून उभा राहिला तर दुसऱ्या पायात, मग पोटात. सदरा पिळावा इतका घाम, आणि हात लावला तर कातडी गार, चिकट. चेहरा पांढराफटक. पित्त झालं असेल असंच सगळे म्हणत होते.

माझ्या चुलत सासूबाईंनी त्याला लिंबाखाली आडवं केलं, पायाखाली हळदीचं पोतं दिलं, सदरा काढला, ओला पंचा अंगावर टाकला आणि पोराला पुठ्ठ्याने वारा घालायला बसवलं. घरात ओआरएसची पुडी होती. ते पाणी घोट घोट पाजलं. पहिल्या घोटांनी उमासा आला, म्हणून थोडं थांबून परत दिलं. वीस-पंचवीस मिनिटांत गोळे सैल झाले. डोकं मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होतं. मला प्रश्न पडलाय तो हा, की इतकं पाणी पिऊनही गोळे का आले?

नागपूरकर_बाळ्या

पाणी कमीच पडलं असणार. आमच्याकडे सरळ हिशोब आहे, तहान नसली तरी तांब्यावर तांब्या रिचवायचा. सोबत ग्लुकोजची पावडर. ताकद येते. आणि खिशात कांदा!

उपकेंद्रातली_ताई

चंद्रपूर जिल्ह्यात नर्स आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात असे पेशंट बघतच असते.

बाळ्याभाऊ, तहानेची वाट बघू नये हे तुमचं बरोबर. पण घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. त्या दादाच्या पोटात सकाळपासून मिठाचा कण नव्हता, आणि वरून नुसतं पाणी जात होतं. त्याने रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. गोळे येण्यामागे हे बऱ्याचदा असतं. फार झालं तर डोकं जास्त दुखतं, उलट्या होतात, माणूस बरळतो, झटकेही येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलंय, अजून पाणी पाजा. तासाला दीड लिटरच्या वर पाणी ढोसू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला बरा. ग्लुकोजच्या साध्या पावडरीत बहुतेक साखरच असते, तिने मीठ भरून निघत नाही.

सासूबाईंनी केलं ते अगदी योग्य. ओआरएसबद्दल एक सांगते, कारण यात हमखास घोळ होतो. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. लोक ती अर्ध्या बाटलीत ओततात, कडक झालं की गुण येईल म्हणून. घट्ट द्रावणाने उलट मळमळ वाढते. छोटी पुडी 200 मिलीची मिळते, म्हणून पुडीवर लिहिलेलं मोजमाप बघायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेलं ताकही चालतं.

चिरेखाण

सिंधुदुर्गात जांभ्याच्या खाणीवर मुकादम आहे. आमच्याकडे पारा विदर्भासारखा चढत नाही, पण खाण म्हणजे खोल खड्डा. वारा खाली येत नाही आणि हवा अशी दमट की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. अंग गार होतं ते घाम वाळल्यावर, ओघळून गेलेला घाम फुकट. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली माणसं गेली, तेव्हाही तापमान चाळिशीच्या आतच होतं.

म्हणून आमच्यात कुणाला चक्कर आली की आधी त्याला खड्ड्यातून वर काढतो. खालीच सावलीत बसवून उपयोग नाही, हे बघितलंय. वर फॅन आहे, त्याच्यासमोर बसवून अंगावर पाणी मारत राहतो. पंचा एकदा ओला करून टाकला आणि सोडला तर तो दहा मिनिटांत गरम होतो, सारखा बदलावा लागतो.

सौ_देशमुख_पुणे

मला तर बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले तरी अर्ध डोकं धरतं! उजेड सहन होत नाही, मग काळोखात पडून राहते. घाम वगैरे नाही. हे पण ऊन लागणंच ना? पन्हं पिऊन काही फरक नाही.

उपकेंद्रातली_ताई

देशमुख काकू, तुमचं अर्धशिशीसारखं वाटतंय. उन्हाने ती चाळवते खरी, पण हा प्रकार वेगळा. डॉक्टरांना एकदा दाखवा.

दुबईचा_सातारकर

इथे बांधकाम साइटवर सेफ्टीत काम करतो. यूएईत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3:00 उघड्यावरच्या कामाला कायद्यानेच बंदी असते. पण माझा अनुभव असा की लोक बारा वाजता कमी आणि सुट्टीवरून परतल्यावर पहिल्या आठवड्यात जास्त पडतात. गावी महिनाभर राहिलेला माणूस, तोच मजबूत, तेच काम, आणि दुसऱ्या दिवशी गोळे येऊन खाली. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, आणि ती सवय सुट्टीत मोडते. आम्ही नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण वेळाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच उन्हातलं काम देतो आणि रोज थोडं वाढवतो. हळदीच्या कामावर हे जमेल का माहीत नाही, तिथे टोळी उक्त्यावर असते.

दुसरं, आमच्या शौचालयात लघवीच्या रंगाचा तक्ता लावलेला आहे. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय. रानवाट, त्या दादाच्या लघवीचा रंग विचारला होता का?

रानवाट

संध्याकाळी म्हणाला होता, गडद पिवळी झाली. दुसऱ्या दिवशी साफ.

उपकेंद्रातली_ताई

मग ठीक. कोऱ्या चहासारखी तांबूस-काळी झाली असती आणि अंग ठेचल्यासारखं दुखत असतं, तर लगेच दवाखान्यात यायला सांगितलं असतं. त्यात स्नायूंचं नुकसान होऊन किडनीवर ताण येतो. हे गोळे गेल्यावरही होऊ शकतं.

वीटभट्टीवाला

माझा प्रसंग थोडा वेगळा आहे. आमच्या भट्टीवर एक जण असाच घामाघूम होऊन बसला होता. सगळे म्हणाले, घाम येतोय ना, मग उष्माघात नाही, उष्माघातात अंग कोरडं पडतं. मीही तेच ऐकत आलोय. पण तो काहीतरीच बोलायला लागला, बायकोला ओळखेना, चालताना झोकांड्या. कुणीतरी काखेत थर्मामीटर लावला, ताप फार दिसेना. आम्ही थांबलो असतो, पण शेजारच्या मळ्यातल्या बाईंनी ऐकलं नाही. बोअर चालू करून पाइप त्याच्या अंगावर धरला, 108 ला फोन केला. गाडी येईपर्यंत पाणी बंद केलं नाही. डॉक्टर म्हणाले, उष्माघातच होता. घाम येत होता तरी! वाचला तो. पण हे मला अजून कोडं आहे.

उपकेंद्रातली_ताई

नुसतं उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं अंग बऱ्याचदा कोरडं पडतं. पण कष्टाचं काम करता करता उष्माघात झाला तर घाम चालूच असू शकतो. काखेतला थर्मामीटरही आतला ताप कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका. मी माणसाशी बोलते. नाव विचारते, आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं. सरळ उत्तर देत असेल तर सावली, ओलं अंग, वारा, मीठ-साखरेचं पाणी, आणि अर्धा तास शेजारून हलायचं नाही. अर्ध्या तासात उतार पडला नाही, उलट्या थांबेनात किंवा उत्तरं गडबडली, की दवाखाना. आणि जो बरळतोय किंवा बेशुद्ध आहे त्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ते फुप्फुसात जातं. त्याच्या सगळ्या अंगावर गार पाणी ओतायचं, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवायचा. पाणी चालू ठेवूनच गाडीची वाट बघायची.

त्या बाईंनी पाइप धरला म्हणून तो वाचला असं मी तरी म्हणेन.

नागपूरकर_बाळ्या

कांद्याचं कुणी बोललंच नाही 😀 माझे आजोबा ऐंशी वर्षं कांदा घेऊन फिरले.

चिरेखाण

खिशातला कांदा भाकरीबरोबर मिठाला लावून खाल्लात तर त्यातल्या मिठाचा उपयोग होईल.

निवृत्त_मास्तर

मला रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी जास्त होण्याची. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. शेतात मात्र जातोच. गोळे आले तर ओआरएस घ्यावं की नाही? घरात रोज यावर वाद होतो. शिवाय डोकं दुखलं की मी घरात असलेली अंगदुखीची गोळी घेतो.

उपकेंद्रातली_ताई

मास्तर, गोळ्यांचं उत्तर इथून देता येणार नाही. लघवीच्या गोळीमुळे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर ऊन लागू शकतं, म्हणून उन्हाळा चढायच्या आधीच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा, की असं झालं तर मीठ किती चालेल. त्यांनी मात्रा बदलायची की नाही तेही तेच ठरवतील, स्वतः बंद करू नका. अंगदुखीची गोळी मात्र उन्हाच्या डोकेदुखीत नको. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तशा बऱ्याच गोळ्या किडनीला त्रास देतात. पॅरासिटामॉलनेही उन्हाने तापलेलं अंग उतरत नाही.

निवृत्त_मास्तर

म्हणजे आमच्या घरातला वाद तसाच राहिला. विचारतो सोमवारी.

रानवाट

शेवटचं एक विचारते. आमचा दादा त्याच दिवशी चार वाजता परत कुकरवर जायला निघाला होता, हजेरी बुडेल म्हणून. आम्ही जाऊ दिलं नाही, पण मुकादम कुरकुरला. कधी परत कामाला लावायचं?

उपकेंद्रातली_ताई

त्या दिवशी अजिबात नाही. दुसऱ्या दिवशीही डोकं हलकं, लघवी साफ आणि जेवण नीट गेलं असेल तरच, तेही सकाळच्या पाळीत आणि सावलीतल्या कामावर. एकदा ऊन लागलेल्याला पुढचे काही दिवस परत लवकर लागतं.

दुबईचा_सातारकर

इथे आम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय परत घेत नाही. हजेरीचं मात्र तिथे कोण भरून देणार, ते मुकादमालाच विचारा.