मदत हवी आहे: एबीजीच्या फोटोत pCO2 नॉर्मल, मग सर दचकले कशाला?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. मी बीएएमएस, तालुक्याच्या गावी एका छोट्या हॉस्पिटलात आरएमओ. आमच्याकडे एबीजीचं मशीन नाही. सिरिंज बर्फाच्या डब्यात घालून वॉर्डबॉय गाडीवरून लॅबमध्ये नेतो आणि पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. पट्टी म्हणजे तो बिलासारखा गुळगुळीत कागद. परवाच्या फोटोत नेमकी pH वर घडी आणि घडीवर ट्यूबलाइटचा उजेड.

पेशंट ५५ वर्षांचे गृहस्थ. मधुमेह जुना, चार दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं, दोन दिवस उलट्या. शुगर ४८०, लघवीत कीटोन तीन प्लस. आले तेव्हा धापा टाकत होते, श्वास ३४. फोटो येईपर्यंत जरा शांत झाले होते, श्वास २०. ऑक्सिजन लावलेला नव्हता.

```
pH    7.?4
pCO2  36
pO2   91
HCO3  11.9
Na 136   K 3.1   Cl 96
```

मी तो अंक ४ वाचला. ७.४४ म्हणजे नॉर्मल, झुकलंच तर अल्कलोसिसकडे. उलट्याही आहेत, बसतंय. सरांना फोनवर तसंच सांगितलं. सर आले, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "७.१४ आहे हे. आणि pCO2 नॉर्मल आहे हीच भानगड आहे. गाडी बोलवा." अर्ध्या तासात पेशंट जिल्ह्याला हलवला. त्या गडबडीत विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे विचारतो. अंक दिसत नसताना सरांनी तो ओळखला कसा? आणि नॉर्मल आकडा वाईट कसा?

पाटीपेन्सिल
आधी तो फोटो काढा! वरच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव आणि वय दिसतंय. खाली आकडे टाइप केलेत तेवढे पुरेत.

रात्रपाळी
काढला. चूक झाली.

सलाईन_स्टँड
सोपं आहे. बायकार्ब १२ म्हणजे मेटाबोलिक ॲसिडोसिस. pCO2 ३५ ते ४५ मध्ये आहे, म्हणजे फुफ्फुसाचा काही प्रॉब्लेम नाही, कॉम्पेन्सेशन अजून सुरू व्हायचंय एवढंच. pH एवढा खाली असताना सोडाबायकार्ब द्यायला हवं होतं. तुमच्या सरांनी उगाच घाई केली.

भूलवाली
स्टँडराव, पहिलं वाक्य बरोबर. पुढची गाडी चुकीच्या रुळावर गेली. मी भूलतज्ज्ञ आहे, असले धुरकट फोटो रोज रात्री बघते.

रात्रपाळी, अंकाचं कोडं आधी सोडवू. pH, pCO2 आणि बायकार्ब ही तिघं एकाच दोरीला बांधलेली असतात. दोन दिसली की तिसरं लपू शकत नाही.

```
H+ = 24 × pCO2 / HCO3
24 × 36 / 11.9 = 72.6
```

७.४० ला हा आकडा ४० असतो हे डोक्यात ठेवा. pH ०.१ ने उतरला की तो सव्वापट होतो. म्हणून ७.३ ला ५०, ७.२ ला ६३, ७.१ ला ७९. तुमचे ७२-७३ हे ७.२ आणि ७.१ च्या मधले, म्हणजे ७.१४. ७.४४ खरं असतं तर याच pCO2 ला बायकार्ब २४ छापून आलं असतं. सरांनी अंक वाचलाच नसेल, बायकार्ब वाचलं असेल. १२ चं बायकार्ब आणि ३६ चा pCO2 शेजारी बसले की pH चांगला असूच शकत नाही.

आता दुसरा प्रश्न. खरी गोष्ट तिथेच आहे. रक्तात आम्ल वाढलं की माणूस खोल आणि भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. किती टाकायला हवा याचा अंदाज बांधता येतो. बायकार्बची दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे. ११.९ ची दीडपट १८, त्यात ८ मिळवले की २६. या माणसाचा pCO2 २४ ते २८ मध्ये असायला हवा होता. आहे ३६. छापील नॉर्मलशी ताडला तर ठीक दिसतो, पण या पेशंटसाठी तो दहाने जास्त आहे. म्हणजे मेटाबोलिक ॲसिडोसिसच्या पाठीवर श्वासाचा ॲसिडोसिसही बसलाय. pCO2 २६ असता तर pH ७.२८ च्या आसपास राहिला असता. तो ७.१४ वर आला तो या दहामुळे.

"कॉम्पेन्सेशन सुरू व्हायचंय" हे इथे पटत नाही. श्वास मिनिटांत प्रतिसाद द्यायला लागतो, आणि हे गृहस्थ दोन दिवस आजारी होते. शिवाय आले तेव्हा ३४ चा श्वास होताच की! तुम्ही लिहिलंत "जरा शांत झाले". मला अख्ख्या पोस्टमधलं तेच वाक्य सगळ्यात जास्त टोचलं. कीटोन तसेच, शुगर तशीच आणि श्वास ३४ वरून २० वर. असा माणूस सुधारत नसतो, दमलेला असतो.

आणि सोडाबायकार्ब: डायबेटिक कीटोॲसिडोसिसमध्ये pH ७.० च्या वर असताना ते सहसा देत नाहीत. इथे तर त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला फुफ्फुसात दम हवा, आणि नेमका तोच संपत आलाय.

धुळेकर_काका
मी डॉक्टर नाही, पण वाचून घाबरलो. आमच्या मोठ्या बंधूंना दम्याचा जुना त्रास (विडीचा प्रताप), घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. त्यांचा मागच्या महिन्याचा रिपोर्ट: pH ७.३६, pCO2 ६२, बायकार्ब ३४. तुमच्या पेशंटचा ३६ वाईट, तर ६२ म्हणजे काय म्हणायचं? ते तर मस्त चहा पितायत!

भूलवाली
काका, तुमचा सवाल या धाग्यापेक्षा वेगळा आहे, पण घाबरू नका. बंधूंचा कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू चढलाय आणि मूत्रपिंडांनी बायकार्ब साठवून तो तोलून धरलाय. अशा जुन्या दुखण्यात pCO2 दहाने वाढला की बायकार्ब साधारण चारने वाढतं. ४० वरून ६२, म्हणजे २२ ची वाढ, म्हणून २४ चे ३३ च्या आसपास. त्यांचं ३४ आहे, हिशोब जुळतो. हाच ६२ एका रात्रीत झाला असता तर बायकार्ब जेमतेम २६ झालं असतं आणि pH ७.२४ च्या आसपास. मूत्रपिंडाला दिवस लागतात.

एक मात्र करा. मशीनचा ऑक्सिजन स्वतःच्या मनाने वाढवू नका. अशा लोकांना बहुधा ८८ ते ९२ एवढंच सॅच्युरेशन ठेवायला सांगतात. त्यांचं किती ठेवायचं ते त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

धुळेकर_काका
आम्ही ९८ ठेवत होतो, जास्त तेवढं बरं म्हणून. उद्याच विचारतो.

सलाईन_स्टँड
सोडाबायकार्बचं मान्य. पण गणित जुळलं म्हणजे रिपोर्ट बरोबर हे तर ठरलं ना?

भूलवाली
नाही, आणि इथे बरेच जण फसतात. मशीन pH आणि pCO2 मोजतं. बायकार्ब मोजत नाही, त्या दोघांवरून याच सूत्राने काढतं. त्यामुळे गणित जुळलं म्हणजे फोटो नीट वाचला गेला, एवढंच सिद्ध होतं. रक्तच गडबडीचं असेल तरी गणित जुळणारच. रक्ताची शहानिशा करायची तर साध्या नळीतल्या रक्तातून बायोकेमिस्ट्रीत वेगळं मोजलेलं बायकार्ब मागवा. ते १२ च्या जवळ आलं तर बरं. १८ आलं तर कुठल्यातरी नमुन्यात घोळ आहे.

नळी_आणि_सुई
लॅबवाला बोलतोय. शिव्या आम्हालाच पडतात म्हणून लिहितो. सिरिंजमध्ये पातळ हेपॅरिन भरून ते पूर्ण न झटकता रक्त घेतलं की pCO2 आणि बायकार्ब दोन्ही खोटे कमी येतात. बुडबुडा राहिला तर pCO2 कमी होतो आणि pO2 दीडशेकडे ओढला जातो. उशीर झाला की उलटं: पेशी जिवंत असतात, कार्बन डायऑक्साइड बनवत राहतात, pCO2 थोडा चढतो. रात्रपाळी, तुमची सिरिंज पोहोचायला किती वेळ लागला?

रात्रपाळी
बर्फात होती. चाळीस मिनिटं लागली असतील. वाटेत रेल्वे फाटक आहे.

नळी_आणि_सुई
बर्फात चाळीस मिनिटांनी दहाचा फरक पडत नाही. पण ती शीर तर नव्हती? शिरेच्या रक्तात pCO2 चार-सहाने जास्तच येतो.

भूलवाली
चांगला प्रश्न. साध्या हवेवर ३६ च्या pCO2 ला pO2 ९१ शिरेत मिळत नाही, हे धमनीचंच रक्त. आणि समजा शिरेचं मानून सहा वजा केले तरी ३० राहतात. अपेक्षा २६ चीच आहे. निष्कर्ष मवाळ होईल, उलटणार नाही.

रात्रपाळी, मला एक सांगा. श्वास दमला कशाने? आधी कुठे काही इंजेक्शन दिलं होतं का?

रात्रपाळी
आत्ता नातेवाइकांशी बोललो. आमच्याकडे यायच्या आधी गावात उलट्यांसाठी आणि झोप लागावी म्हणून फेनरगनचं इंजेक्शन दिलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

भूलवाली
झोपाळू करणारं औषध, पोटॅशियम ३.१ म्हणजे स्नायूत जोर नाही, आणि दोन दिवसांची धाप. तिघांतलं कोण किती जबाबदार हे फोटोवरून सांगता येणार नाही. पण ३.१ वरून आठवलं: पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम देतात, मग इन्सुलिन. इन्सुलिन ते पेशीत ढकलतं, आणि श्वासाचे स्नायू आणखी ढिले पडतात.

सलाईन_स्टँड
आणि उलट्यांचा अल्कलोसिस? तो पण असेल ना आत लपलेला?

भूलवाली
ॲनायन गॅप काढा. १३६ मधून ९६ आणि १२ गेले, उरले २८. नॉर्मल १२ धरला तर गॅप १६ ने वाढलाय आणि बायकार्ब १२ ने उतरलंय. म्हणजे थोडं बायकार्ब आधीपासून जास्त असावं, उलट्यांमुळे शक्य आहे. पण चारचा फरक आहे. अल्ब्युमिन किती, त्या लॅबचा नॉर्मल गॅप कितीचा, यावर तो नाहीसाही होऊ शकतो. मी तरी यावर पैज लावणार नाही.

नळी_आणि_सुई
मी लावेन. क्लोराइड ९६ आहे, उलट्या झाल्यात.

रात्रपाळी
जिल्ह्याहून निरोप आला. तिथे पोचल्यावरचा pCO2 ४१ आणि pH ७.०९. मग व्हेंटिलेटरवर घेतलं. रेट ३० वर ठेवलाय म्हणे. एवढा कशाला?

भूलवाली
नेहमीसारखा १४ ठेवला असता तर pCO2 वर गेला असता आणि मशीन लावल्या लावल्या pH ७ च्या खाली. पेशंट स्वतः जेवढा श्वास घेत होता तेवढा तरी मशीनने घ्यायला हवा. त्यांनी नीट केलंय. पुढची एबीजी आली की इथे टाका, टाइप करून.