प्रतिसाद: खालची पायरी हलली तेव्हा

> एका पद्धतीवरून दुसरी बसवायची, तर खालचीच चुकली की काय होतं?

आकाशातली लांबची अंतरं मोजताना अशीच एका पद्धतीवर दुसरी बसवतात, आणि देवयानी दीर्घिकेच्या बाबतीत खालचीच पद्धत चुकली. खगोलशास्त्रज्ञ हबलने १९२०च्या दशकात तिच्यातल्या सेफीड, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांवरून अंतर काढलं, सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. सेफीडच्या उघडझापीच्या काळावरून त्याचं खरं तेज कळतं, पण काळावरून तेज सांगणारं ते कोष्टक आपल्या जवळपासच्या ताऱ्यांवरून बसवलेलं होतं.

पुढे पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. ९ लाख खरे असतील तर तिच्यातून देवयानीतले आर आर लायरी तारे, म्हणजे खरं तेज माहीत असलेले सेफीडपेक्षा मंद तारे, दिसायलाच हवे होते. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेला ते दिसेनात! म्हणजे दीर्घिका आणखी लांब. १९५२ मध्ये त्याने सांगितलं की सेफीड दोन जातींचे असतात आणि हबलने पाहिलेले सेफीड कोष्टकापेक्षा जवळजवळ चौपट तेजस्वी आहेत. तेज चौपट, तर अंतर दुप्पट.

सेफीडवर टेकलेली बाकी दीर्घिकांची अंतरंही एका झटक्यात दुप्पट झाली. आपल्या आकाशगंगेतले गोलाकार तारकागुच्छ मात्र जागेवरच राहिले, कारण त्यांची अंतरं आर आर लायरीवरून काढलेली होती. विश्वाचं वय दीर्घिकांच्या अंतरांवरून आणि दूर जाण्याच्या वेगावरून काढतात, म्हणून तेही दुप्पट झालं. तोवर ते पृथ्वीपेक्षा लहान निघत होतं, म्हणजे आईपेक्षा लेक मोठी!