मदत हवी आहे: अल्कोहोल-फ्री किड्स परफ्यूम लावूनही मुलीच्या मानेवर पुरळ

तृप्ती_म

मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्गातल्या मैत्रिणी परफ्यूम लावून येतात, म्हणून तिलाही हवा होता. मोठ्यांचा नको म्हणून मुद्दाम लहान मुलांसाठीचा आणला. बाटलीवर अल्कोहोल-फ्री, हायपोअलर्जेनिक, त्वचेला सौम्य असं सगळं छापलेलं आहे. रोज सकाळी शाळेत जाताना मानेच्या दोन्ही बाजूंना आणि मनगटावर एकेक फवारा, एवढंच.

पहिले दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही. मग कानाखाली, बरोबर फवारा बसायचा तिथे, लालसर बारीक पुरळ आलं आणि रात्री खाज सुटायला लागली. परफ्यूम बंद केल्यावर आठवडाभरात कमी झालं, आता फक्त कोरडे चट्टे राहिलेत. ती लहान असताना कोपराच्या खळीत एक्झिमा व्हायचा, हल्ली होत नाही.

बॉक्सवर लिहिलेलं: पाणी, पॉलिसॉर्बेट 20, ग्लिसरीन, परफ्यूम, फिनॉक्सिइथेनॉल, लिनालूल, लिमोनीन, हेक्झिल सिनामल, सिट्रल.

अल्कोहोल नाही तर मग झालं कशाने? दुसरी कंपनी बघू का? आणि खेळाच्या तासानंतर तिच्या घामाला आता वास यायला लागलाय, त्यामुळे "काहीच लावू नकोस" म्हणणंही जड जातंय.

सदानंद_क

ताई, अल्कोहोल काढलं की पाण्यात बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्वेटिव्ह घालावंच लागतं. तुमच्या यादीतलं फिनॉक्सिइथेनॉल तेच. दोषी तेच असणार. ही केमिकलं मुलांना नकोतच. लॅव्हेंडरचं शुद्ध इसेन्शियल ऑइल आणा, दोन थेंब खोबरेल तेलात घालून मानेला लावा. नैसर्गिक आहे, काही होत नाही.

रानजाई

बाळाच्या अंगाला छान वास राहावा म्हणून पावडर आणि वाइप्स यातलं काय बरं? माझं बाळ पाच महिन्यांचं आहे.

अर्कशाळा

मी सुगंधाची मिश्रणं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. निदान डॉक्टरच करतील, पण तुमच्या वर्णनात दोन गोष्टी ठळक दिसतात.

पहिली म्हणजे वेळ. जळजळ झाली असती तर ती बहुधा पहिल्याच दिवशी, लावल्या लावल्या झाली असती. तुमच्याकडे आधी काही आठवडे शांत गेले, मग पुरळ आलं आणि तेही खाजणारं. सुगंधाची अ‍ॅलर्जी अशीच येते. शरीर तो घटक आधी ओळखायला शिकतं, त्या काळात बाहेर काहीच दिसत नाही. एकदा शिकलं की पुढच्या वेळी लावल्यावर दिवस-दोन दिवसांनी पुरळ उठतं. आणि ही ओळख बहुतेकदा आयुष्यभर पुसली जात नाही. मुलांच्या परफ्यूमवर जो वाद आहे, त्यातला माझ्या मते सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. नवव्या वर्षी लागलेली अ‍ॅलर्जी पुढे शाम्पू, क्रीम, साबण, मेकअप अशा सगळ्या ठिकाणी आड येते. पूर्वी एक्झिमा झालेल्या मुलांची त्वचा थोडी गळकी असते, बाहेरच्या गोष्टी आत जाऊ देते, म्हणून त्यांच्या बाबतीत मी जास्त सावध राहीन.

दुसरी गोष्ट म्हणजे यादी. शेवटची चार नावं तिथे उगाच आलेली नाहीत. युरोपात 2005 पासून 26 सुगंधी घटकांची नावं बॉक्सवर स्वतंत्र छापावी लागतात. अंगावर तसंच राहणाऱ्या उत्पादनात 0.001 टक्क्यापेक्षा जास्त असले तर. म्हणजे 100 ग्रॅममध्ये फक्त एक मिलिग्रॅम. 2023 मध्ये ही यादी वाढवून 80 च्या वर नेली. तुमची चारही नावं मूळ 26 मधली आहेत. बाकीचे सुगंधी घटक 'परफ्यूम' या एका शब्दाखाली झाकलेले असतात, तिथे किती आणि काय ते कळायला मार्ग नाही.

सदानंदजी, पाण्यातल्या उत्पादनाला प्रिझर्वेटिव्ह लागतं हे तुमचं अगदी बरोबर. पण फिनॉक्सिइथेनॉलची अ‍ॅलर्जी क्वचित होते, आणि शेजारी चार ओळखीचे संशयित उभे असताना मी तिथून सुरुवात करणार नाही. लॅव्हेंडरच्या तेलाचं मात्र ऐका. त्यात मुख्य घटक कोणता? लिनालूल! तोच, जो या बाटलीत आहे, फक्त कितीतरी जास्त प्रमाणात. त्यातून लिनालूल आणि लिमोनीन ताजे असताना तसे सौम्य असतात. हवेशी संयोग होऊन ते जुने झाले की त्यांपासून जे तयार होतं ते खरं अ‍ॅलर्जी लावतं. घरात वर्षभर उघडझाप झालेली तेलाची बाटली म्हणजे नेमका तोच प्रकार.

अल्कोहोलविषयी थोडं. मोठ्यांच्या परफ्यूममध्ये ते भरपूर असतं. कोरड्या त्वचेला झोंबतं, पेट घेतं, लहान भावंडाने प्यायलं तर रक्तातली साखर घसरू शकते. म्हणून ते काढणं चांगलंच. पण वासाची अ‍ॅलर्जी हा वेगळा प्रश्न आहे आणि 'अल्कोहोल-फ्री' या शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'हायपोअलर्जेनिक'लाही बहुतेक ठिकाणी कायद्याने ठरवलेला ठोस अर्थ नाही.

जुना_खेळाडू

आम्ही लहानपणी पावडर, अत्तर, कोलोन सगळं फासलं, काही झालं नाही. हल्ली मुलांना जरा काही लावलं की इंटरनेटवर धागा.

तृप्ती_म

पुरळ मी स्वतः पाहिलंय हो, इंटरनेटवर नाही.

अर्कशाळा

जुना_खेळाडू, बहुतेकांना होतच नाही, हे खरं आहे. पण ज्यांना होतं त्यांच्यात आपलं मूल आहे की नाही हे आधी सांगता येत नाही, म्हणून काळजी.

रानजाई, धागा शाळकरी मुलांचा आहे, तरी थोडक्यात: पाच महिन्यांच्या बाळाला कुठलाही वास लावायची गरज नाही. पावडर तर नकोच, ती श्वासातून आत जाते. वाइप्स बिनवासाचेच घ्या.

वर्गशिक्षिका_स

मी शिकवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्या वर्गात दम्याचा एक मुलगा आहे. खेळाच्या तासानंतर चार-पाच जणी बंद खोलीत एकदम बॉडी स्प्रे मारतात आणि याला दहा मिनिटांत खोकल्याची उबळ येते. त्याने काहीच लावलेलं नसतं. आता आम्ही वर्गात फवारायचं नाही असा नियम केलाय, घरून लावून आलात तर तुमची मर्जी. काही पालक रागावले. मुलींना मी सांगते, हातभर अंतरावरच्या माणसाला तुमचा वास आला तर तो जास्त झालाय.

अवांतर: नऊ वर्षांच्या मुलीला "आपल्या अंगाला वास येतो" याची लाज वाटायला लागणं, मला पुरळापेक्षा हेच जास्त खटकतं.

मीनल_पेडी

मी मुलांच्या ओपीडीत परिचारिका आहे. घामाच्या वासाबद्दल लिहिते, कारण परफ्यूमची खरी सुरुवात तिथून झालेली दिसते.

नवव्या वर्षी काखेत मोठ्यांसारखा वास येणं सामान्य आहे. साधारण त्या वयात अ‍ॅड्रेनल ग्रंथी जाग्या होतात, घामात बदल होतो आणि त्वचेवरचे जंतू त्याचा वास करतात. मुलींमध्ये आठच्या आणि मुलांमध्ये नऊच्या आधी असा वास, सोबत काखेत केस, पुरळ-मुरमं किंवा उंची एकदम वाढणं दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एरवी धावपळ नको.

या वासावर परफ्यूम मारला तर दोन्ही वास मिळून तिसराच तयार होतो. काखेत रोज साबण हाताने नीट चोळून धुवायचा आणि पूर्ण कोरडं करायचं, एवढ्याने बरंच होतं. खेळाचा टी-शर्ट पॉलिएस्टरचा आहे का बघा. घामाचं तेल त्यात चिकटून बसतं, धुतल्यावरही पुन्हा गरम झाला की वास येतो. उलटा करून धुवा, ओला बॅगेत ठेवू नका. एवढं करूनही कमी पडलं तर बिनवासाचं डिओडरंट. फक्त 'अनसेंटेड' आणि 'फ्रेग्रन्स-फ्री' एक नव्हे. अनसेंटेडमध्ये कधीकधी मूळ वास दाबायला सुगंधच घातलेला असतो.

सदानंद_क

बरं, लॅव्हेंडर मागे घेतो. पण मग हॉर्मोनचं काय? परफ्यूममधल्या थॅलेट्समुळे मुली लवकर वयात येतात असं वाचलंय.

अर्कशाळा

तिथे मी हो किंवा नाही असं ठाम म्हणणार नाही. सुगंधात डायइथाइल थॅलेट हे द्रावक वापरलं जातं, ते शरीरात जातं आणि लघवीत त्याचे अवशेष सापडतात, एवढं नक्की. मुलांच्या वाढीवर त्याचा नेमका परिणाम किती, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. उलट लिलियल नावाच्या सुगंधी घटकाचं प्रकरण स्पष्ट होतं: प्रजननाला घातक ठरवून 2022 मध्ये युरोपने तो बंद केला. म्हणजे सुगंधाविषयीची शंका अगदीच हवेतली नाही. पण तृप्तीताईंचा आजचा प्रश्न मानेवरचा आहे, तो आधी.

ताई, मी असं करेन. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत मानेला बिनवासाचं मॉइश्चरायझर सोडून काही नाही. ही बाटली परत लावून बघू नका. दुसऱ्या कंपनीची आणली तरी त्यात लिनालूल-लिमोनीन असण्याची शक्यता जास्त, कारण बहुतेक सगळ्या ताज्या-फळांच्या वासात ते असतात. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट होते. पाठीला चिकटवलेले घटक दोन दिवसांनी काढतात आणि नंतर पुन्हा एकदा बघतात. नेमकं कशाने झालं ते त्यातूनच कळेल.

तृप्ती_म

घरी चाचणी होते ना? कोपराजवळ थोडं लावून एक दिवस बघायचं, असं वाचलंय.

अर्कशाळा

एक दिवस पुरत नाही. नवीन क्रीम असेल तर हाताच्या आतल्या बाजूला, साधारण पाच सेंटिमीटरच्या चौकोनात, दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर लावतात. दोन आठवडे केलं तर आणखी चांगलं. खाज किंवा लाली आली की थांबायचं. पण ज्या परफ्यूमवर आधीच संशय आहे त्याला हे घरी करू नका. आणि चाचणी कोरी गेली म्हणजे पुढे कधी होणार नाही असंही नाही. तुमच्या मुलीचेही पहिले आठवडे कोरेच गेले होते.

तृप्ती_म

समजलं. तिला सांगितलं की काख धुणं आणि टी-शर्ट आधी, वासाचं डॉक्टरांनंतर. फार खूश नाही. विचारतेय की कपड्याला लावलं तर चालेल का. तिचा शाम्पू वासाचा आहे, तोही बदलू का?

अर्कशाळा

शाम्पू धुऊन जातो, त्वचेशी त्याचा संपर्क कमी. तो चालू ठेवा. मान बरी झाल्यावर शाम्पूने पुन्हा खाजली तरच बदला.

कपड्याचं म्हणाल तर ज्यांना पुरळ आलेलं नाही अशा मुलांसाठी मला तोच मार्ग बरा वाटतो. घालायच्या आधी, स्कर्टच्या किंवा शर्टच्या खालच्या काठाला एक फवारा, पूर्ण वाळू द्यायचा. कॉलरला आणि काखेला नाही. केसांनाही नको, ते मानेवरच येतात. पण तुमच्या मुलीसाठी तेसुद्धा पॅच टेस्टनंतरच. ज्यांना अ‍ॅलर्जी लागलेली असते त्यांना कपड्यावरूनही पुरळ येऊ शकतं.

वर्गशिक्षिका_स

आणि काठाला लावलं तरी वर्गात येऊन पुन्हा फवारू नका म्हणावं. :)

रानजाई

बिनवासाचे वाइप्स मागवले. मोठ्या मुलाच्या बॅगेत बॉडी स्प्रे सापडलाय, त्याचं विचारायला परत येते.