प्रतिसाद: तिघांना वेगवेगळं विचारा

> "स्टार्टअपची ऑफर आहे, पगार कमी, ईसॉप्स, म्हणजे ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचे हक्क, भरपूर. सल्ला नेमका कुणाकुणाचा घ्यावा?"

मी अशाच वेळी तिघांना गाठलं होतं, तेही वेगवेगळं. एकत्र बसवलं की सगळे सीनियरच्या सुरात सूर मिसळतात. तिघांनाही एकच पानभर टिपण दिलं, पण माझा कल लिहिला नाही. बरोबरीचा मित्र ऑफरमधल्या कामावर खूश. जुन्या बॉसनी विचारलं, "कंपनीकडे किती महिने पुरेल एवढा पैसा आहे?" खरी मेख काढली सीए मावसभावानं, ज्याला आयटीतलं ओ की ठो कळत नाही: "सोडून गेलास तर शेअर किती दिवसांत विकत घ्यायचे? आणि विकायच्या आधीच कर भरावा लागला तर पैसे कुठून आणशील?" ऑफर लेटरमध्ये मुदत नव्हतीच. एचआरकडून लेखी मागवली: ९० दिवस. मग मी ईसॉप्सची किंमत शून्य धरून पगाराचं गणित पुन्हा मांडलं.