मशीनमध्ये अडकलेल्या नोटा

"बँकेच्या रोकड जमा करायच्या मशीनमध्ये २०,००० भरले, १८,५०० च जमा झाले. पावतीही १८,५०० चीच आहे, आता काय?"

पावती कमी रकमेची असली तरी दावा संपत नाही. माझ्याही ५०० च्या तीन नोटा अशाच आत अडकल्या होत्या. मी त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज दिला. त्यात मशीनचा क्रमांक, वेळ, पावतीवरचा व्यवहार क्रमांक आणि किती नोटा घातल्या ते लिहिलं, आणि पोच घेतली. "मशीनमधली रोकड मोजून जास्तीची रक्कम निघते का ते पाहा, सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा" हे वाक्य अर्जात हवंच, कारण चित्रण कायम राहत नाही. मोजणीत नेमके १,५०० जास्त निघाले आणि खात्यात आले. ३० दिवसांत बँकेकडून उत्तर मिळालं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा.