मदत हवी आहे: साका पडेल की नाही? फोटोतला आकडा ५ की ८?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहिते आहे. लेक अकरावीत. क्लासच्या फळ्याचा तिने मोबाइलवर फोटो काढला, तो हलला. गणित असं: 50 मिली 0.02 M लेड नायट्रेटमध्ये 50 मिली मीठाचं द्रावण ओतलं, तर लेड क्लोराइडचा साका पडेल का? Ksp 1.7×10⁻⁵ दिलाय. मीठाची तीव्रता मात्र 0.05 M की 0.08 M, कळत नाही.

फळ्यावरचं उत्तर “साका पडेल” असं आहे. आम्ही 0.05 धरलं. दोन्ही द्रावणं सारखी ओतल्यावर तीव्रता निम्मी होते, म्हणून शिसं 0.01 आणि क्लोराइड 0.025. क्लोराइडचा वर्ग करायचा, कारण एका शिशाला दोन क्लोराइड लागतात. आयनिक गुणाकार आला 6.25×10⁻⁶, Ksp पेक्षा कमी. साका नाही!

निम्मं करायचं विसरलं तर मात्र 5×10⁻⁵ येतं, आणि साका “पडतो”. फळ्यावर हीच चूक झाली असावी, असा माझा संशय. (लेक म्हणते, “आई, सर चुकणार नाहीत.”)

आता 0.08 धरलं तर 0.01 × 0.04² म्हणजे 1.6×10⁻⁵. Ksp च्या अगदी उंबऱ्यावर, तरी कमीच! म्हणजे कुठलाही आकडा घ्या, उत्तर जुळत नाही. वेगवेगळ्या पुस्तकांत Ksp थोडा वेगळा असतो, काहींत 1.6×10⁻⁵ च दिसतो. मग इतक्या जवळ आल्यावर परीक्षेत काय लिहायचं? आणि आमचं कुठे चुकतंय का?